थर्मामीटर ९८ वर अडतो आणि दही काही लागत नाही

इंदिरानगरवाली
मंडळी, दिवाळीपर्यंत माझं दही सुरीने कापावं असं लागतं. थंडी पडली की बिघडायला सुरुवात. सकाळी झाकण काढावं तर वर पाणी आणि खाली दूधच. यंदा तर भलतंच, चमचा उचलला की तार येते. सासूबाई म्हणतात, तुझे हात थंड. म्हणून स्वयंपाकघरात वापरायचा दांडीवाला डिजिटल थर्मामीटर आणला. खात्री करावी म्हणून खळखळ उकळत्या पाण्यात धरला, तर ९८ च्या वर जाईना. दुकानदार म्हणतो, माल नवाकोरा आहे, परत घेणार नाही.

तर आधी हे सांगा, हा बिघडलाय का? आणि नसेल तर चहाचं पाणी, कॉफीचं पाणी आणि विरजणाचं दूध यांचे नेमके आकडे द्या. फ्रिजवर चिकटवून टाकते.

सातपूरकर
दुकानदाराशी भांडू नका, थर्मामीटर चांगला आहे. शंभराला पाणी उकळतं ते समुद्रकिनारी. आपलं नाशिक साधारण सहाशे मीटर उंचावर. तीनशे मीटर वर गेलं की उकळबिंदू ढोबळमानाने एक अंश खाली येतो. म्हणजे ९८ हाच बरोबर आकडा. मला तर १०० दाखवला असता तर शंका आली असती.

दुसरी बाजूही तपासून घ्या. ग्लासात बर्फाचा चुरा भरा, बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळून दोनेक मिनिटं थांबा आणि दांडी मधोमध धरा, काचेला टेकवू नका. शून्याच्या आसपास दाखवलं की निश्चिंत व्हा. विरजणासाठी मधलेच आकडे लागतात, त्यामुळे दोन्ही टोकं बरोबर असली की काम भागतं.

डोंगरयात्री
म्हणजे माझा संशय खरा होता तर! कळसूबाईच्या माथ्यावर आम्ही स्टोव्हवर चहा करतो, तो कधीच घरच्यासारखा कडक होत नाही. १६४६ मीटर उंची. हिशोब केला तर तिथे पाणी ९४-९५ लाच उकळत असणार.

सातपूरकर
हिशोब बरोबर, पण दोष उंचीला देऊ नका. तीन-चार अंशांनी चहापूड इतकी रुसत नाही. तिकडे वारा असतो, स्टोव्ह फडफडतो आणि चारजण मागे लागलेले असतात, म्हणून तुम्ही दोन मिनिटांत गाळून मोकळे होता. लेहला मात्र फरक कळतो. तिथे पाणी ८८ च्या आसपास उकळतं. भात शिजायला वेळ लागतो आणि चहाही जरा जास्त उकळावा लागतो.

उगाचच
घरात ताप मोजायचा थर्मामीटर आहे. दुधात चालेल का? दुधाला ताप आला की विरजण लावायचं, असं समजू का?

पिंपळगावची सून
@उगाचच, पाऱ्याचा असेल तर चुकूनही नको. त्यातला पारा ४२ पर्यंतच चढतो. दूध त्याहून गरम निघालं तर काच तडकेल आणि पारा दह्यात. असलं दही पाहुण्यांनाही देऊ नये.

माईआजी
आकडे कशाला हवेत गं? करंगळी बुडवायची. दहापर्यंत मोजताना सोसलं पाहिजे आणि तरी गरम वाटलं पाहिजे. पन्नास वर्षं असंच लावते. माझं दही कवडीचं.

निवृत्त डेअरीवाला
माईआजी, तुमच्या करंगळीबद्दल आदर आहे. मात्र थंडीत करंगळी फसवते. सकाळी गार पाण्यात भांडी विसळून आलेल्या बोटाला ३६ अंशाचं दूधही चांगलं गरम लागतं. तेच बोट मे महिन्यात ४२ ला "कोमट आहे" म्हणतं. म्हणजे ज्या दिवसांत दूध जरा जास्त गरम हवं, नेमकं त्याच दिवसांत आपण ते कमी गरम घेतो. इंदिरानगरवाली ताईंच्या सासूबाईंचं निदान एका अर्थी बरोबर आहे, हात खरंच थंड आहेत!

मी दुधाच्या धंद्यात प्रयोगशाळेत नोकरी केली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घरच्या विरजणात एकाच जातीचे जिवाणू नसतात. काहींना ४२ च्या आसपासची ऊब आवडते. ते झपाट्याने वाढतात, चार-पाच तासांत दही घट्ट लावतात आणि त्यांचं दही चवीला स्पष्ट आंबट असतं. दुसरे तिशीच्या आसपास खुशीत असतात. ते सावकाश काम करतात, आठ-दहा तास घेतात, दही मवाळ आणि सुवासिक लागतं. दोघंही दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल पुरेसं झालं की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरतं आणि त्याची जाळी बनते. जाळीत पाणी अडकलं की ते दही.

आता दोन-चार अंशांनी फरक का पडतो ते बघा. जिवाणू दुपटीने वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार. दुप्पट व्हायला लागणारा वेळ थोडा जरी लांबला, तरी रात्रभरात फार मोठी तफावत साचते. वरच्या बाजूलाही तसंच. ४६-४७ ला दही लवकर लागतं पण आंबट ढाण होतं, जाळी आवळते आणि पाणी बाहेर फेकते. पन्नाशीला बरेच जिवाणू गळपटतात. पंचावन्न-साठला विरजण टाकलंत तर सकाळी गोड दूधच मिळेल.

ताई, तुम्ही दूध किती घेता, कशात लावता आणि रात्री भांडं कुठे ठेवता?

इंदिरानगरवाली
अर्धा लिटर. स्टीलचं पातेलं, वर स्टीलचंच झाकण. ओट्यावरच ठेवते. काल थर्मामीटरने ४३ बघून विरजण लावलं, तरी सकाळी पातळच.

कडक चहा
दूध आधी उकळायचं की नाही हे कुणी बोललंच नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज केलेलं असतं, म्हणजे ते आधीच उकळलेलं. परत उकळणं म्हणजे गॅस जाळणं. मी थेट ४० पर्यंत गरम करतो आणि विरजण लावतो. लागतं दही.

निवृत्त डेअरीवाला
@कडक चहा, लागतं, पण भांडं तिरकं केलं की वाहतं, हो ना? पाश्चराइज म्हणजे साधारण ७२ अंशाला पंधरा सेकंद. रोगजंतू मारायला ते पुरतं. पण दुधात केसीनखेरीज निवळीत जाणारी प्रथिनंही असतात. ती नीट उलगडायला ८५-९० पर्यंतची उष्णता काही मिनिटं तरी मिळावी लागते. उलगडली की ती केसीनला चिकटतात, जाळी दाट होते आणि पाणी धरून ठेवते. म्हणून दही कारखान्यातही आधी पाश्चराइज झालेलं दूध पुन्हा चांगलं तापवतात. घरी एक उकळी आणून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवलंत तरी फरक कळेल.

कडक चहा
वाहतं खरं. मी त्याला मठ्ठा म्हणून खपवतो.

निफाडकर
आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या दिवसांत आमच्या आईचं दही पिठाच्या डब्यात. पितळी डब्यात गव्हाचं पीठ, त्यात खळगा करून झाकणाचा गंज रुतवायचा आणि वरून जुनी गोधडी. ओट्यावर दही लावायचं धाडस आमच्याकडे कुणी करत नाही.

माईआजी
हे बरोबर बोललास. मी करंगळी बुडवते हे सांगितलं, पण नंतर गंज चुलीच्या राखेशेजारी ठेवत असे आणि आता तांदळाच्या डब्यात ठेवते, ते सांगायचं राहिलं. मला वाटलं हे सगळ्यांना ठाऊकच असतं.

निवृत्त डेअरीवाला
माईआजी, तुमच्या दह्याचं खरं रहस्य करंगळीत नाही, या तांदळाच्या डब्यात आहे!

ताई, तुमच्या ४३ चं काय झालं ते बघू. गार पातेल्यात दूध ओतलं की पातेलं स्वतः तापतं आणि दूध दोन-तीन अंश उतरतं. म्हणजे सुरुवातच ४० ची. वर ग्रॅनाइटचा ओटा, तो खालून ऊब ओढत राहतो. थंडीत स्वयंपाकघर पंधराला असेल तर अर्ध्या लिटरचं पातेलं तासाभरात तिशीवर येतं, दोन तासांत चोवीस-पंचवीसवर. ऊब आवडणाऱ्यांना कामाला लागायलाच वेळ लागतो, तेवढ्यात त्यांची शिफ्ट संपते. उरलेली रात्र दही लागत नाही, नुसतं गार होत पडतं. थर्मामीटरने तुम्ही मोजलात तो पहिला क्षण, आणि दही लागतं पुढच्या पाच-सहा तासांत. खात्री करायची असेल तर आज रात्री दर तासाला मोजून बघा. दांडी फक्त उकळत्या पाण्यात बुडवून घ्या आणि ढवळू नका.

फिल्टर कापी
विषय दह्याकडेच चाललाय, म्हणून कॉफीची बाजू मांडते. कॉलेज रोडला राहते, माहेर बेळगावचं, घरात स्टीलचा फिल्टर. कॉफीवाल्यांचा आकडा ९० ते ९६ च्या मधला. पाणी त्याहून गार असेल तर कॉफी आंबटसर, पोकळ लागते. फार गरम असेल तर कडवटपणा जास्त उतरतो.

उगाचच
म्हणूनच म्हणतात ना की उकळतं पाणी कॉफी जाळतं? मी इन्स्टंटवरसुद्धा उकळतं ओतत नाही.

फिल्टर कापी
जाळत नाही हो. कॉफीचे दाणे भाजतानाच दोनशे अंशांच्या वर गेलेले असतात, त्यांना ९८ चं पाणी काय जाळणार! गरम पाणी चांगलं आणि कडू दोन्ही जोरात ओढून काढतं, इतकंच. त्यात दाणे गडद भाजलेले असले तर कडू आधीच मुबलक असतं, म्हणून तिथे ८८-९० बरं. फिकट भाजलेल्या दाण्यांतून चव सहजी सुटत नाही, त्यांना उकळी आलेलं पाणी लगेच ओतलं तरी चालतं. इन्स्टंटमध्ये कॉफी आधीच काढून वाळवलेली असते, ती नुसती विरघळते. तिथे ऐंशी असो की नव्वद, माझ्या जिभेला तरी फरक कळत नाही.

पण माझाही मुद्दा डेअरीवाल्या काकांचाच आहे. किटलीतला आकडा वेगळा आणि पुडीवर पडल्यावरचा वेगळा. थंडीत माझा फिल्टर बर्फासारखा गार असतो. दोन कप डिकॉक्शनसाठी पाणी ते केवढं! ९५ चं ओतलं तर स्टील आणि पूड मिळून ते ८५ च्या खाली आणतात. शिवाय ते ठिबकायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तोवर आणखी गार. म्हणून आधी रिकाम्या फिल्टरमधून उकळतं पाणी जाऊ द्यायचं, ते फेकायचं, मग पूड भरायची आणि आपल्या नाशकातलं ९८ चं पाणी उकळी बसताच थेट ओतायचं. उन्हाळ्यात मी हे करत नाही आणि चव तीच येते.

डिकॉक्शन मात्र नंतर उकळू नका. दूध उकळतं घ्या आणि त्यात डिकॉक्शन मिसळा.

कडक चहा
आता चहा! माझ्या नावाने अनामत जप्त व्हायच्या आत लिहितो. आपल्या दाणेदार चहाला थर्मामीटर लागतच नाही. आधण खळखळलं पाहिजे, त्यात साखर, आलं, पूड, मग दूध, मग दोन उकळ्या. पाणी उकळलं की तापमान तिथेच थांबतं. गॅस कितीही मोठा करा, ९८ चं ९९ होत नाही, नुसती वाफ जाते. म्हणून उकळणाऱ्या चहात आकड्याला नाही, वेळेला महत्त्व. कपात पिशवी बुडवणारे लोक वेगळे. त्यांनी आकडे मोजावेत.

पिंपळगावची सून
+१. पण माझा चहा अधूनमधून फाटतो, तो का? दूध ताजं असतं. आलं घातलं तरच फाटतो, आणि तेही दर वेळी नाही.

कडक चहा
आलं दुधात घालता का? दुधात घालायचं नाही. आधणात.

निवृत्त डेअरीवाला
@कडक चहा, उपाय बरोबर. कारण सांगतो. आल्यात दुधाचं प्रथिन तोडणारं एक विकर असतं. ते साठ-पासष्ट अंशांच्या आसपास जोमात काम करतं आणि उकळीला निकामी होतं. किसलेलं ताजं आलं गार दुधात घालून मंद आचेवर ठेवलंत, तर दूध त्या टप्प्यातून सावकाश जातं आणि विकराला भरपूर वेळ मिळतो. मोठ्या आचेवर तोच टप्पा झटकन ओलांडला जातो, म्हणून दर वेळी फाटत नाही. चीनमध्ये तर याच गुणावर एक गोड पदार्थ करतात. गरम दूध आल्याच्या रसावर ओततात आणि ते दह्यासारखं लागतं, विरजणाशिवाय.

पिंपळगावची सून
अय्या! म्हणजे मंद आच हाच घोळ. सासरे म्हणतात, चहा मंद आचेवरच करावा.

कडक चहा
मंद आचेवर करा, फक्त आलं दोन मिनिटं आधणात उकळून घ्या आणि मग दूध घाला. सासरे खूश, चहा शाबूत. गुळाच्या चहाचं गणित निराळं. तिथे दूध फाटतं ते गुळातल्या आंबटपणामुळे आणि क्षारांमुळे, म्हणून गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा. काही गूळ तरी फाडतोच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

डोंगरयात्री
ग्रीन टीचं कुणी सांगा. ऑफिसात फुकट मिळतो, पण कडू जहर.

फिल्टर कापी
कारण ऑफिसच्या मशीनचं पाणी उकळतं असतं. ग्रीन टीला ७५-८० पुरे. त्यातला गोडसरपणा कमी उष्णतेतही उतरतो. तोंड आवळणारा कडवटपणा जास्त उष्णतेत भराभर येतो. थर्मामीटर नको. उकळतं पाणी एका कपात ओता, तिथून दुसऱ्या गार कपात ओता, मग पानं घाला. प्रत्येक ओतण्यात आठ-दहा अंश जातात. दोन मिनिटांनी पानं काढायला विसरू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात.

सातपूरकर
चहा दुधात थेट उकळला की रंग येत नाही, तोही आचेचा प्रश्न का?

कडक चहा
नाही, दुधाची प्रथिनं चहातले तुरट घटक धरून ठेवतात. म्हणून तर चहा मऊ लागतो. आधी पाण्यात रंग उतरू द्यायचा, मग दूध. तुम्ही अमृततुल्यच्या टपरीवर उभे राहून नुसतं बघा, सगळं समजेल.

उगाचच
तरीही माझा प्रश्न उरतोच. दह्याला मिरचीचे देठ टाकतात ते कशाला? तिखट दही?

माईआजी
विरजण संपलं की देठ टाकून दूध ठेवतात. लागतं. पहिलं दही फेकायचं, दुसरं खायचं.

निवृत्त डेअरीवाला
देठांवरचे जिवाणू काम करतात, पण कोणते येतील याची हमी नाही. जमलं तर जमलं. त्यापेक्षा शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावं.

इंदिरानगरवाली
काल रात्री जागून मोजलं. नवरा म्हणाला, दह्याला सलाइन लावायचं राहिलं. स्वयंपाकघर १५ ला होतं. रात्री दहाला पातेल्यात ओतलं तेव्हा दुधात ४३, ओतल्यावर लगेच ४०. अकराला ३०. बाराला २४. सकाळी सहाला १६ आणि दूध जवळजवळ जसंच्या तसं. काका, तुमचा अंदाज तंतोतंत निघाला.

आज दिवसा दुसऱ्या पद्धतीने केलं. कॅसरोल उकळत्या पाण्याने धुऊन घेतला. दूध उकळून मंद आचेवर सहा-सात मिनिटं ठेवलं, ४५ वर आल्यावर कॅसरोलमध्ये ओतलं, तिथे ४३ भरलं. एक लहान चमचा विरजण थोड्या दुधात फेटून घातलं, नीट ढवळलं, झाकण घट्ट. मग हा कॅसरोल कोमट पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात ठेवला, वर टॉवेल. पाच तासांनी पाणी ३६ होतं. दही लागलं, पण पूर्ण कापण्याजोगं नाही, म्हणून आणखी तासभर ठेवलं आणि मग फ्रिजमध्ये. आता पाणी सुटलेलं नाही. पण तार मात्र आहेच. कमी, पण आहे.

पिंपळगावची सून
विरजण जास्त घातलं असतंत तर लवकर लागलं असतं. मी थंडीत दुप्पट घालते.

निवृत्त डेअरीवाला
थोडं वाढवा, दुप्पट नको. जास्त विरजण म्हणजे सुरुवातीपासूनच आम्ल जास्त. दही घाईने लागतं, जाळी ओबडधोबड होते आणि पाणी सुटतं. ऊब टिकवणं हा बरा मार्ग.

आता तारेबद्दल. काही जातींचे जिवाणू चिकट साखरेसारखा पदार्थ सोडतात. विशीच्या तापमानात त्यांचं फावतं. ताई, तुमचं विरजण महिनाभर रोज पंचविशीच्या खालीच वाढलंय. ऊब आवडणारे दर रात्री उपाशी राहिले आणि चिकटवाले दर रात्री वाढले. आज तुम्ही ऊब दिलीत, पण विरजण तेच आहे, म्हणून तार कमी झाली, गेली नाही. चांगल्या ठिकाणाहून नवं विरजण आणा आणि पहिल्यापासून चाळिशीत लावा. वास शुद्ध असेल तर तारेचं दही खाऊन काही होत नाही. फिनलंडमध्ये तर असं तारेचं दही मुद्दाम साध्या खोलीच्या तापमानात लावतात आणि आवडीने खातात. वास कुबट, चव कडू किंवा वर रंग दिसला तर मात्र सरळ फेकून द्या.

निफाडकर
काका, यावर मला शंका आहे. आमच्याकडेही तार येते, पण पिठाच्या डब्यात ऊब असूनही. आई म्हणते, दूध दोन दिवसांचं असलं की येते. म्हणजे दूध शिळं, ऊब बरोबर, तरीही तार.

निवृत्त डेअरीवाला
शक्य आहे. दूध उकळताना आतले बरेच जंतू मरतात, पण नंतर चमच्यातून, झाकणातून, हातातून नवे शिरतात. तुमच्या गंजाच्या झाकणाच्या कडेत काही बसलं असेल तरी दिसणार नाही. दूर बसून मी तुमच्यापुरतं ठाम सांगू शकणार नाही. एकदा भांडं आणि झाकण उकळत्या पाण्यात ठेवून, ताज्या दुधात नवं विरजण लावून बघा. तरीही तार आली तर दुधाकडे बघू.

सातपूरकर
दूध कुणाकडून घेता त्यावरही असतं. आमच्या भागात एका गोठ्यावरच्या दुधाचं दही एक आठवडा कुणाचंच लागेना. सगळ्या सोसायटीने स्वतःच्या विरजणाला शिव्या घातल्या. नंतर कळलं, गायीला औषधं चालू होती.

निवृत्त डेअरीवाला
हे खरं कारण असतं. जनावराला प्रतिजैविकं दिली आणि त्या दिवसांचं दूध बाजूला काढलं नाही, तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि विरजणाचे जिवाणू मरगळतात. तापमान अगदी बरोबर, विरजण ताजं, तरीही दूध जसंच्या तसं, असं झालं तर दुसरीकडचं दूध घेऊन एकदा लावून बघायचं. तिथे लागलं की निकाल लागला.

इंदिरानगरवाली
नवं विरजण दूधबाजारातून आणलं. फ्रिजवर चिकटवायला आता असं लिहिलंय: चहाचं पाणी ९८, म्हणजे उकळी. फिल्टरला उकळी बसताच, पण आधी फिल्टर तापवून. ग्रीन टी दोन कप ओतून. दही ४३, पण पहाटेपर्यंत टिकलं पाहिजे. सासूबाईंनी वाचलं आणि विचारलं, "उन्हाळ्यात काय?"

निवृत्त डेअरीवाला
उन्हाळ्यात उलटं. खोली ३४-३५ असेल तर ३७-३८ ला लावा, ओट्यावरच ठेवा, विरजण निम्मं करा, आणि लागल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका. सकाळपर्यंत बाहेर राहिलं तर आंबट होणार. अदमुरं आवडत असेल तर पाव तास आधीच उचला.

उगाचच
म्हणजे मे महिन्यात फ्रिजवर नवा कागद.

माईआजी
तांदळाचा डबा मात्र तोच गं.

निफाडकर
झाकण उकळून, ताजं दूध घेऊन, नवीन विरजण लावलंय. उद्या सकाळी तार आली की नाही ते लिहितो.